साहेब मीटिंगमध्ये आहेत, फोन करू नये

शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर कुपवाड एमआयडीसीत कुणी काही काम सांगितलं तर ते आधी शत्रूच वाटतं, त्यात मी अकाउंट्सला. बॅग आवरत होते आणि साहेबांचा मेल आला. इंग्रजीत, एकच ओळ, जागेवर आहात का. बास. ना लिंक, ना अटॅचमेंट, त्यामुळे स्पॅममध्ये पण गेला नाही, तिथं पकडण्यासारखं काही नव्हतंच. मी 'हो' म्हणाले असते की लगेच खरं काम आलं असतं, पण मी गप्प बसले तरी दहा मिनिटांत दुसरा मेल आलाच. 6 लाख 40 हजार, नवीन सप्लायर, नवीन खातं, आत्ताच आरटीजीएस करा, मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, कुणाला सांगू नका, डील गुप्त आहे.

आता आमचे साहेब पुण्याला प्रदर्शनाला गेलेले खरंच, धाकट्या साहेबांनी स्टॉलवरचा फोटो दुपारीच फेसबुकवर टाकला होता, तो मेलवाल्यानं पण बघितला असणार. पण जो माणूस चहावाल्याच्या बिलात बिस्किटं कुणी खाल्ली ते विचारतो तो साडेसहा लाख 'kindly' म्हणून सोडतोय? आमच्या साहेबांना काइंडली माहीतच नाही, ते डायरेक्ट 'झालं का?' म्हणतात.

मोबाईलवर नुसतं साहेबांचं नाव दिसत होतं, म्हणून नावावर बोट ठेवून खालचा पत्ता उघडला. पहिल्या नजरेला आमचाच. मग चष्मा लावला. आमच्या कंपनीच्या नावात जिथं m आहे तिथं r आणि n खेटून बसवलेले, rn. बारीक अक्षरात कोण ओळखणार सांगा.

तेवढ्यात ऑफिसातला पोरगा आला, त्यानं कॉम्प्युटरवर मेल उघडून Show original दाबलं आणि ओरडला, "मॅडम, SPF PASS, DKIM PASS, मेल खरा आहे!" त्याला खुर्चीत बसवून सांगितलं की बाबा, तो पास म्हणजे एवढंच, की मेल त्या rn वाल्या डोमेनवरूनच आलाय. डोमेन त्या भामट्यानं स्वतः विकत घेतलंय, तर त्याच्या घरचा वॉचमन त्याला आत सोडणारच की. आणि समजा साहेबांचं अकाउंटच कुणी हॅक केलं असतं तर पत्ता पण अगदी बरोबर दिसला असता, तेव्हा काय करणार? म्हणून मेल कितीही खरा वाटला तरी खातं नवीन असलं की साहेबांचा आवाज ऐकायचाच.

पोरगा लगेच मेलखालच्या सहीतला नंबर फिरवायला निघाला. हात धरला त्याचा. तो नंबर पण त्यानंच लिहिलाय ना रे, उचलून 'हो मीच साहेब' म्हणेल. मेलला रिप्लाय पण नाही करायचा. माझ्या जुन्या डायरीत साहेबांचा नंबर आहे, तो लावला.

उचलला नाही. परत लावला, कट केला. इथं खरी परीक्षा, कारण मेलवाल्याचं 'मीटिंगमध्ये आहे' खरं वाटायला लागतं आणि तिकडून तिसरा मेल, झालं का, उशीर झाला तर जबाबदारी तुमची. आरटीजीएस दिवसरात्र चालतं, म्हणजे रात्री नऊला पण पैसे मिनिटांत जातील, आणि परत आणायला मग सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन, बँकेत तक्रार, तेही लगेच केलं तर कदाचित थोडेफार अडकवता येतात. मी म्हटलं, उशीर तर उशीर. वहिनींना फोन केला, त्या म्हणाल्या ड्रायव्हरला लाव. ड्रायव्हर मिसळ खात होता, पण उठून स्टॉलवर गेला आणि फोन साहेबांच्या हातात दिला.

"साहेब, 6 लाख 40 हजार सोडू का?"

तिकडून जे आलं ते इथं लिहिता येणार नाही, पण आवाज साहेबांचाच होता, शंभर टक्के.

मेल डिलीट केला नाही, तक्रारीला लागतो. सोमवारी साहेबांनी नियम काढला, नवीन खातं किंवा बदललेलं खातं असलं की आधीपासूनच्या नंबरवर फोन करायचा आणि दुसऱ्या माणसानं बघितल्याशिवाय पेमेंट नाही, खुद्द साहेबांनी सांगितलं तरी नाही. सप्लायर वैतागलेत. ड्रायव्हर मात्र गेटवर सगळ्यांना सांगत असतो, कंपनीचं पेमेंट आता आपल्या मंजुरीनं सुटतं.