"नातीला घाबरून सोडली" म्हणे

दुपारपासून डोकं तापलंय, लिहिल्याशिवाय शांत व्हायचं नाही.

बाबांचे एक जुने मित्र आज घरी आले होते. गप्पा चांगल्या चालल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी चंची काढली, तळहातावर तंबाखू घेतली, नखाने चुना लावला, अंगठ्याने मळली, दोन थापा मारल्या आणि अर्धी चिमूट बाबांपुढे धरली. बाबांनी मान हलवून नाही म्हटलं. मग हे महाशय काय म्हणतात? "अरे घे रे, त्र्याहत्तरीला आता काय सोडायचं आणि काय धरायचं!" आणि माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "नातीला घाबरून सोडली वाटतं याने."

बाबा काही बोलले नाहीत. मी बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, वयाने मोठे आहेत ते.

पण घाबरून? तुम्हाला सगळं सांगते, मग तुम्हीच ठरवा.

चार महिन्यांपूर्वीची संध्याकाळ. माझी सहा वर्षांची लेक माझ्या मोबाइलमधले तिचे बाळपणीचे व्हिडिओ बघत बसली होती. एका व्हिडिओत ती पाळण्यात आहे आणि पाठीमागून बाबा तिला काहीतरी बोलून हसवतायत. बाबा दिसत नाहीत, नुसता आवाज येतो. ती मला म्हणाली, "आई, हे कोण बोलतंय?" मी म्हटलं, "अगं, आजोबा." तिला पटेना. तिने व्हिडिओ परत लावला, कान लावून ऐकला, मग उठून सरळ बाबांसमोर जाऊन उभी राहिली. "आजोबा, तुझा हा आवाज तू कुठे ठेवलास?"

तिला खरंच वाटत होतं की ठेवलाय कुठेतरी.

बाबा हसले नाहीत. त्यांनी तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि स्वतःचा आवाज दोनदा ऐकला. त्या रात्री ते जेवणानंतरची चिमूट घ्यायलाच विसरले. छप्पन्न वर्षांत असं झालेलं मला आठवत नाही. सतराव्या वर्षी लागली होती त्यांना.

आता खरं तर राग माझा मलाच यायला हवा. त्यांचा आवाज दोन महिन्यांहून जास्त दिवस बसलेला होता आणि घरात सगळे म्हणत होतो, सर्दी आहे, बदलती हवा आहे. मीही तेच म्हणत होते. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर घसा आतून बघून घ्यायचा असतो, हे मला डॉक्टरांच्या खोलीत कळलं. तोवर रोज त्या माणसाशी बोलत होते मी. ऐकू आलं ते सहा वर्षांच्या पोरीला.

तीन दिवसांनी बाबा आपणहून म्हणाले, "चल, घसा दाखवून येऊ." नाकातून बारीक दुर्बीण घालून बघितलं. स्वरयंत्राच्या पट्ट्या लाल होऊन सुजलेल्या होत्या, गाठ नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं की प्रत्येक घोगरा आवाज तंबाखूचाच असतो असं नाही, पण इथे तिचा हात आहे. तंबाखूची थुंकी गिळली जाते. त्यातल्या निकोटिनने जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडते, आडवं झालं की आम्ल वर घशाशी येतं आणि तिथली नाजूक कातडी भाजत राहते. बाबा तर कित्येकदा चिमूट तोंडात ठेवूनच झोपायचे.

मग त्यांनी बाबांचा खालचा ओठ ओढून आत बघितलं. डाव्या बाजूला, जिथे छप्पन्न वर्षं तंबाखू धरली, बरोबर तिथे एक पांढरा चट्टा होता. गॉज घेऊन घासला तरी निघेना. तुकडा काढून तपासायला पाठवला.

अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांबद्दल मी काही लिहू शकत नाही. कॅन्सर नव्हता. पेशींमध्ये थोडा बदल होता, म्हणून दर तीन महिन्यांनी दाखवायचं आणि तंबाखू बंद. बाबा एवढंच म्हणाले, "ठीक आहे." जिन्यात आल्यावर मात्र कठडा धरून थांबले आणि मला विचारलं, "तिला काय सांगायचं, आवाज कुठाय म्हणून?"

सांगा, हा घाबरलेला माणूस आहे?

सोडणं कसं असतं हे ज्यांनी बघितलं नाही ना, ते "मनात आणलं की सुटते" म्हणतात. मीही वर्षानुवर्षं हेच बाबांना ऐकवलं. भांडले, पुड्या फेकल्या, अबोला धरला. लहानपणी त्यांच्या पुड्या आणून देणारीही मीच होते. पण त्यांच्या शरीरात काय चाललंय याचा एकदाही विचार केला नाही. चुना नुसता चवीला नसतो. चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि ओठाच्या आतल्या कातडीतून झटकन रक्तात जातं. ती कातडी चुन्याने आधीच सोललेली. दिवसातून चौदा-पंधरा वेळा, छप्पन्न वर्षं. त्या मेंदूला म्हणायचं की मनात आण!

डॉक्टरांनी आधी आठवडाभर काहीच सोडायला लावलं नाही. फक्त वहीत लिहायला सांगितलं, प्रत्येक चिमूट किती वाजता आणि कशासाठी. बाबांनी माझ्या लेकीच्या जुन्या वहीत, पेन्सिलने, रोज लिहिलं. ती वही माझ्याकडे आहे. "५.१० उठल्यावर." "५.४० संडासला जाण्यापूर्वी." "११ काही नाही, नुसतीच." हे "नुसतीच" दिवसातून सात-आठ वेळा होतं. नुसत्याच चिमटी आधी गेल्या, त्या मानाने सोप्या निघाल्या. पहाटेच्या दोन मात्र हाडात बसलेल्या होत्या.

उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली चिमूट लागते, म्हणून निकोटिनचा गम ४ मिलिग्रॅमचा दिला. ज्यांना उशिरा लागते त्यांना २ चा पुरतो. पहिल्या दिवशी बाबांनी तो साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चावला आणि वरून चहा घेतला. उचक्या, मळमळ, घशात आग. "हे तुझं औषध तंबाखूपेक्षा वाईट आहे," म्हणून माझ्यावर ओरडले. चूक आमची होती, सांगितलेलं नीट ऐकलं नव्हतं. गम हळूहळू चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गालात दाबून ठेवायचा. झिणझिण्या गेल्या की परत चार-दोनदा चावायचा. असा अर्धा तास. बाबांना तो चट्ट्याच्या बाजूला ठेवायचा नव्हता, उजव्या गालात ठेवायचा होता. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना खाणंपिणं बंद, कारण चहा-कॉफीच्या आंबटपणाने निकोटिन तोंडातून शोषलं जात नाही. जमायला चार दिवस गेले.

तिसरा दिवस सगळ्यात वाईट होता. वाटीवरून भांडण झालं, एका वाटीवरून! रात्री झोप नाही, पोट साफ होईना, कारण इतकी वर्षं संडासला होणं त्या चिमटीवर टेकलेलं. तोंड आलं. मला वाटलं आपण या वयात त्यांचे हाल करतोय. खरं सांगते, त्या रात्री मी स्वतः त्यांची चंची कपाटातून काढून हातात घेतली होती. द्यावी का?

नाही दिली. तलफ लाटेसारखी येते, काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबा तेवढा वेळ नळाशी उभे राहून चुळा भरायचे. माझी लेक शेजारी उभी राहून तिच्या चुळा भरायची. तिला वाटायचं हा खेळ आहे.

चोविसाव्या दिवशी बाहेर कुणीतरी पुढे केली आणि बाबांनी घेतली. घरी येऊन त्यांनी मला नाही सांगितलं, नातीला सांगितलं. "आज मी एकदा खाल्ली." ती म्हणाली, "मग चूळ भर." संपलं तिच्यापुरतं. मी असते तर तासभर बोलले असते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लपवून खाल्ली असती. डॉक्टरही रागावले नाहीत. गम चालू ठेवा म्हणाले, आणि परत पहिल्यापासून मोजू नका. सहा आठवड्यांनंतर गम हळूहळू लांबवत गेलो, बारा आठवडे होईस्तोवर बंद झाला.

हो, सगळ्यांची सुटतेच असं नाही, हे मान्य. काहींना चार-पाच वेळा प्रयत्न करावा लागतो. आणि छप्पन्न वर्षांचा धोका चार महिन्यांत धुऊन निघत नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पण मागच्या तपासणीत तो चट्टा फिका झालेला होता. त्र्याहत्तराव्या वर्षी! "आता काय फरक पडतो" म्हणणाऱ्या त्या काकांना मी बाबांचा ओठ उघडून दाखवायला हवा होता.

आणि राग फक्त त्यांचाच नाही. एकाही म्हाताऱ्या माणसाला आपण खरं विचारत नाही. "राहिले किती दिवस, खाऊ दे त्यांना" हे प्रेमाने म्हणतो. मला आता त्यात प्रेम दिसत नाही. आपण त्या माणसाला मोजून टाकलेलं असतं. माझ्या लेकीने मोजलं नव्हतं. तिला तो आवाज परत हवा होता, आणि तो मिळेल अशी तिची खात्री होती.

लिहिता लिहिता राग उतरला जरा. ते काकाही तंबाखूच खातात, त्यांच्याही घरी कुणी विचारत नसेल. जाताना त्यांच्या आवाजाकडे माझं लक्ष गेलं. तोही बसलेला होता. बाबांनी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि हळूच विचारलं, "किती दिवस झाले रे हे?" ते म्हणाले, "सर्दी आहे." बाबा म्हणाले, "मलाही सर्दीच होती. सोमवारी मी येतो तुझ्याबरोबर."

आवाजाचं म्हणाल, तर पूर्वीसारखा नाही झाला. आम्लाच्या गोळ्या, पलंगाची उशाकडची बाजू उंच, झोपायच्या तीन तास आधी जेवण, हे सगळं चालू आहे. खरखर कमी झालीय. संध्याकाळी दमले की परत बसतो.

आत्ता आतल्या खोलीत ते तिला गोष्ट सांगतायत. मी दारातून बघितलं. तोंडाने गोष्ट चाललीय आणि उजवा अंगठा डाव्या तळहातावर फिरतोय, मळतोय, तळहातावर काहीच नाही. तिने तो अंगठा मुठीत धरून ठेवला आणि म्हणाली, "पुढे सांग."