क्रॉसप्ले आहे म्हणून गेम दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर फुकट मिळत नाही

"क्रॉसप्लेवाला गेम कधीच दोनदा घेऊ नका. पीएस५ वर घेतला असेल तर पीसीवर त्याच अकाउंटने लॉगिन करा, गेम, डीएलसी, कॉइन्स सगळं आपोआप येतं. परत पैसे मागितले तर ती लूट आहे, सरळ घ्या आणि नंतर रिफंड मागा."

हा मेसेज वाचून कोणी खरंच पैसे घालवू नयेत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी हे समजून घ्या की इथे तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये. क्रॉसप्ले म्हणजे फक्त एवढंच की तुम्ही पीएस५ वर आहात, मित्र पीसीवर आहे आणि दोघं एकाच मॅचमध्ये खेळू शकता. क्रॉस-प्रोग्रेशन, ज्याला क्रॉससेव्ह पण म्हणतात, म्हणजे तुमची लेव्हल, कॅरेक्टर, सेव्ह हे दुसऱ्या मशीनवर पण मिळतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे गेमचं लायसन्स, म्हणजे पैसे देऊन घेतलेला खेळायचा हक्क. या तिन्ही एकमेकांना बांधलेल्या नाहीत, एक आहे म्हणून दुसरी असेलच असं अजिबात नाही.

बाल्डर्स गेट ३ बघा. पीसीवर ऑगस्ट २०२३ मध्ये आला, पीएस५ वर सप्टेंबरमध्ये, आणि पीएस५ वर आल्यापासून क्रॉससेव्ह होतं. गेम बनवणाऱ्या लॅरियन कंपनीचं अकाउंट काढायचं, दोन्हीकडे लिंक करायचं, मग रात्री टीव्हीवर केलेली सेव्ह दुसऱ्या दिवशी पीसीवर उघडते (पीसीवर असे मॉड टाकले असतील जे कन्सोलवर नाहीतच, तर ती सेव्ह तिकडे अडकते, हे लक्षात ठेवा). पण क्रॉसप्ले? तो आला एप्रिल २०२५ मध्ये, पॅच ८ सोबत. म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळ स्वतःची सेव्ह इकडून तिकडे नेता येत होती पण पीसीवाल्या मित्रासोबत पीएस५ वरून खेळता येत नव्हतं. आणि या सगळ्या काळात, आजही, स्टीमवर वेगळा विकत घ्यायचा आणि पीएस५ वर वेगळा.

"त्याच अकाउंटने लॉगिन करा" या वाक्यातच सगळी गडबड आहे, कारण अकाउंट एक नसतं, दोन असतात. लॅरियनचं अकाउंट सेव्ह सांभाळतं, कारण सेव्ह त्यांच्या सर्व्हरवर असते. पण गेम विकत घेतल्याची नोंद असते ती स्टोअरच्या अकाउंटवर. पीएस५ वर घेतलात तर पैसे सोनीच्या स्टोअरमध्ये गेले आणि लायसन्स तुमच्या प्लेस्टेशन अकाउंटला लागलं, स्टीमला त्यातला एक रुपया मिळालेला नाही. स्टीम प्रत्येक विक्रीतून साधारण ३० टक्के ठेवतं, कन्सोलवाल्यांचंही गणित तसंच, मग दुसऱ्याच्या दुकानातल्या विक्रीवर हे आपल्याकडून एवढं मोठं डाउनलोड फुकट कशाला देतील? हा पैशाचा प्रश्न किती खोल आहे ते २०२१ च्या एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात दिसलं. तिथे बाहेर आलेल्या कागदांमध्ये सोनीची अट होती, की खेळाडू जास्त वेळ प्लेस्टेशनवर खेळतोय पण खर्च दुसरीकडे करतोय असं दिसलं तर गेम कंपनीने सोनीला फरक भरून द्यायचा. नुसत्या क्रॉसप्लेवर एवढी घासाघीस होते, आणि मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं अख्खा गेमच फुकट येईल.

आता डीएलसी आणि कॉइन्स, इथे तर लोक सगळ्यात जास्त फसतात. डेस्टिनी २ घ्या. क्रॉससेव्ह ऑगस्ट २०१९ मध्ये आलं, क्रॉसप्ले २०२१ मध्ये, आणि मूळ गेम फुकट आहे, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की आता काही अडचण नाही. पण समजा फायनल शेप हे एक्सपान्शन तुम्ही पीएस५ वर घेतलं आणि मग स्टीमवर क्रॉससेव्ह चालू केलं. तुमचं तेच कॅरेक्टर, तीच शस्त्रं तिकडे दिसतील, लॉगिन झाल्यावर वाटेल की सगळं आलं, आणि मग एक्सपान्शनचं मिशन उघडायला गेलात की ते लॉक, विकत घ्या म्हणून सांगणार. सिल्व्हर, म्हणजे पैसे देऊन घ्यायचं नाणं, ते पण ज्या प्लॅटफॉर्मवर घेतलं तिथेच राहतं. मात्र त्या सिल्व्हरने तिथेच एखादी सजावटीची वस्तू घेतली तर ती वस्तू सगळीकडे दिसते. म्हणून प्लॅटफॉर्म बदलायच्या आधी शिल्लक सिल्व्हर जुन्या ठिकाणी वापरून टाका.

आता "लूट" बद्दल. काही ठिकाणी एकदाच पैसे द्यायचे असतात हे खरंच आहे, आणि ते माहीत नसल्यामुळे लोक उगाच दोनदा घेतात, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. फोर्झा होरायझन ५ मध्ये हे छान कळतं. एक्सबॉक्सवर डिजिटल घेतला असेल तर विंडोज लॅपटॉपवर एक्सबॉक्स ॲप उघडा, तेच मायक्रोसॉफ्ट अकाउंट टाका, गेम डाउनलोड करा, पैसे नाहीत आणि सेव्ह पण तीच. याला एक्सबॉक्स प्ले एनीव्हेअर म्हणतात, २०१६ पासून आहे, स्टोअरच्या पानावर तसं लिहिलेलं असतं. डिस्क घेतली असेल तर मात्र हे लागू नाही. पण तोच गेम स्टीमवर हवा असेल तर परत पैसे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पीएस५ वर आला तिथेही परत पैसे. वर पीएस५ वर मायक्रोसॉफ्ट अकाउंट लिंक करायलाच लागतं, क्रॉसप्ले पण आहे, एक्सबॉक्सवाल्या भावासोबत रेस लावता येते, तरीसुद्धा तुमची जुनी सेव्ह तिकडे येत नाही. गॅरेजमधल्या गाड्या पहिल्यापासून जमवायच्या. म्हणजे एकाच गेममध्ये प्लॅटफॉर्मच्या एका जोडीला सगळं मिळतं आणि दुसऱ्या जोडीला फक्त क्रॉसप्ले.

साधारण ओळखायची खूण अशी की मशीन बदललं पण स्टोअर तेच राहिलं तर बहुतेक वेळा परत पैसे लागत नाहीत. स्टीमवर घेतलेला बाल्डर्स गेट ३ विंडोजवर, मॅकवर, स्टीम डेकवर चालतो, खरेदी एकच. स्टोअर बदललं, अगदी पीसीवरून पीसीवरच पण बॅटलनेटवरून स्टीमवर गेलात, जसं डायब्लो ४ चं आहे, तर परत घ्यायचा. स्टीमच्या पानावर "Cross-Platform Multiplayer" दिसलं तर त्याचा अर्थ सोबत खेळता येतं एवढाच घ्यायचा, सेव्ह किंवा लायसन्सबद्दल ते काहीच सांगत नाही. आणि एक खर्च लोक धरतच नाहीत, पीएस५ वर विकत घ्यायचे बहुतेक गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लस लागतं, पीसीवर असं वर्गणीचं काही नसतं, त्यामुळे दोन्हीकडची बेरीज करताना ते पण धरा.

शेवटचा तो रिफंडचा सल्ला, हा सगळ्यात महागात पडेल. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर रिफंड मिळतो, म्हणजे सेव्ह येते का हे तपासून परत करता येतं. प्लेस्टेशनवर १४ दिवस आहेतच, पण डाउनलोड सुरू केलंत की साधारणपणे रिफंडचा हक्क संपतो, आणि सेव्ह आली का हे डाउनलोड केल्याशिवाय कळणारच नाही. म्हणून पीएस५ वर खरेदीचं बटण दाबायच्या आधी त्या गेमच्या कंपनीच्या सपोर्ट पानावर क्रॉससेव्हची माहिती वाचा, कुठल्या दोन प्लॅटफॉर्ममध्ये चालतं ते नावानिशी दिलेलं असतं, आणि तुमची जोडी त्यात नसेल तर पैसे भरू नका.