ट्रायलच्या दारात कार्ड मागण्याबद्दल

«फ्रीमियम हाच राजमार्ग! १. आधी सगळं फुकट द्या, युजर वाढले की पैसे आपोआप येतात. ड्रॉपबॉक्सनं हेच केलं. २. ट्रायल द्यायचीच तर १४ दिवस बस, जास्त दिलीत तर लोक सुस्तावतात. ३. ट्रायलच्या आधीच कार्ड घ्या. निम्मे लोक रद्द करायला विसरतात, तोच खरा नफा. ४. फुकट युजर म्हणजे फुकट जाहिरात. प्रत्येक फाउंडरला पाठवा.»

हा संदेश पुण्यातल्या नवउद्योजकांच्या गटांमधून फिरत होता तोवर त्याकडे दुर्लक्ष करणे शक्य होते. आता तो माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आहे. ती कोथरूडमध्ये दोन सहकाऱ्यांसह गृहनिर्माण सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करते. मेंटेनन्सची बिले, पावत्या, थकबाकीची यादी आणि वर्षअखेरीस लेखापरीक्षकाला लागणारी पत्रके असे त्याचे स्वरूप आहे. ‘‘मामा, तिसरा मुद्दा आम्ही पुढच्या महिन्यापासून लागू करतोय,’’ असे तिने सहज सांगितले, म्हणून हे सविस्तर लिहावे लागत आहे आणि सुरुवातही तिसऱ्या मुद्द्यापासूनच करावी लागत आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविषयीची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. ग्राहकाला फसवणाऱ्या किंवा अडकवणाऱ्या तेरा प्रकारच्या रचना त्यांच्या परिशिष्टात नोंदवल्या आहेत आणि त्यांतला एक प्रकार आहे ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’. वर्गणी रद्द करण्याची वाट लपवणे किंवा ती मुद्दाम लांबलचक करणे हे त्यात येतेच. पण मोफत सदस्यत्व देताना ग्राहकाला कार्डाचा तपशील किंवा आपोआप पैसे कापण्याची परवानगी द्यायला भाग पाडणे हेही त्याच व्याख्येत स्पष्ट लिहिलेले आहे. ट्रायल म्हणजे मोफत सदस्यत्व नव्हे, असा युक्तिवाद एखादा वकील करू शकेल. परंतु ज्या कंपनीत तीनच माणसे आहेत, तिने आपला महसूल अशा युक्तिवादावर उभा करावा हे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. शिवाय आपला नफा लोकांच्या विसरण्यातून येतो असे जो संदेश उघड सांगतो, तो हेतू लपवण्याचेही कष्ट घेत नाही.

बरे, नीती बाजूला ठेवली तरी ही युक्ती भारतात चालत नाही. कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्यासंबंधी रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे लागू आहेत. परवानगी नोंदवताना ग्राहकाला ओटीपीसारखी अतिरिक्त पडताळणी करावी लागते. त्यानंतर प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी त्याला रक्कम आणि तारीख कळवणारी सूचना जाते आणि तो व्यवहार थांबवण्याची सोयही त्यासोबत द्यावी लागते. रक्कम १५,००० रुपयांच्या वर असेल तर दर वेळी नव्याने पडताळणी करावी लागते. म्हणजे ज्या विसरण्यावर संदेशाने नफ्याचा इमला चढवला आहे, ते विसरणे होऊ नये अशी व्यवस्था आपल्या देयकप्रणालीत आधीच केलेली आहे. हा सल्ला जिथे असे नियम नाहीत तिथल्या एखाद्या लेखातून उचलला गेला असावा आणि उचलणाऱ्याने इथल्या बँकेकडून येणारा एक संदेशही नीट वाचलेला नसावा.

भाचीच्या बाबतीत तर याहून साधा प्रश्न आहे: कार्ड कोणाचे? सोसायटीचे पैसे बँक खात्यातून, समितीच्या मंजुरीनंतर, दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्यांच्या धनादेशाने किंवा एनईएफटीने जातात. सॉफ्टवेअर चाचपून पाहणारा माणूस बहुधा निवृत्त खजिनदार असतो. तो संस्थेच्या कामासाठी स्वतःचे कार्ड देणार नाही आणि दिलेच तर पहिली रक्कम कापली गेल्यावर ती परत मागण्यासाठी भाचीला फोन करील. नोंदणीच्या पानावर कार्डाचा रकाना ठेवला की रद्द करायला विसरणारे लोक सापडण्याआधीच विचारपूस करणारे निघून जातील आणि ते किमतीमुळे गेले की रकान्यामुळे, हे तिला कधी कळणारही नाही.

आता पहिला मुद्दा: फ्रीमियम, म्हणजे मूळ सेवा कायम फुकट आणि जास्तीच्या वापराला पैसे, आणि त्याचे उदाहरण ड्रॉपबॉक्स. फायली इंटरनेटवर साठवायला जागा देणारी ही कंपनी २०१८ मध्ये शेअर बाजारात आली, तेव्हा तिने दाखल केलेल्या कागदपत्रांत नोंदणीकृत वापरकर्ते ५० कोटींहून अधिक आणि पैसे देणारे सुमारे १ कोटी १० लाख असे आकडे होते. म्हणजे शंभरात दोन, आणि तेही दहा वर्षांच्या वाटचालीनंतर. हे प्रमाण त्यांना परवडले, कारण फुकट वापरणाऱ्याला दिलेल्या २ जीबी जागेचा खर्च किरकोळ होता आणि ९० टक्क्यांहून अधिक महसूल असा होता की त्यासाठी ग्राहकाशी बोलायला कोणी विक्रेता लागत नव्हता. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे माणसाचे फोटो आणि फायली दर वर्षी वाढत जातात, त्यामुळे मर्यादा त्याला आपोआप गाठते. फ्रीमियम कुठे चालते याचे उत्तर या एका गोष्टीत आहे: वापर जसजसा वाढेल तसतसा वापरकर्ता पैसे देण्याच्या रेषेकडे सरकला पाहिजे.

चोवीस सदनिकांची सोसायटी दहा वर्षांनीही चोवीस सदनिकांचीच असते. तीस सदनिकांपर्यंत फुकट अशी रेषा आखली तर तिच्या आतली संस्था कायम आतच राहील आणि बाहेरच्या संस्थेला फुकटाचा अनुभव मिळणारच नाही. खर्चाचे म्हणाल तर एक अंदाज मांडून पाहू. साठ सदनिकांच्या संस्थेला सदनिकेमागे महिना दहा रुपये दर लावला तर महिन्याला ६०० रुपये येतात. फुकट वापरणाऱ्या ५०० संस्था आहेत आणि प्रत्येक संस्था महिन्यातून एकदा वीस मिनिटांचा फोन करते असे धरू, कारण व्याज का लागले आणि पावती कुठे गेली हे खजिनदार फोनवरच विचारतो. हे महिन्याला सुमारे १६७ तास झाले. मदतकेंद्रातला एक माणूस रोज सहा तास बोलला तरी बावीस दिवसांत १३२ तास भरतात, म्हणजे सव्वा माणूस लागला. त्या माणसाचा पगार ३०,००० रुपये धरला तर खर्च ३८,००० रुपयांच्या आसपास जातो. ड्रॉपबॉक्सच्या प्रमाणात शंभरातल्या दोन संस्थांनी पैसे दिले तर दहा संस्थांचे ६,००० रुपये येतील. ‘आपोआप’ या शब्दाचा हिशेब हा असा आहे.

अर्थात फ्रीमियमला या धंद्यात अजिबात जागा नाही असे नाही, फक्त ती सोसायटीच्या बाजूला नाही. पुण्यात बऱ्याच सोसायट्यांचे हिशेब बाहेरचा अर्धवेळ हिशेबनीस लिहितो आणि त्याच्याकडे एकाच वेळी अनेक संस्था असतात. त्याचे काम वाढते. पहिली संस्था कायम फुकट आणि दुसरीपासून पैसे, ही रेषा त्याच्यासाठी अर्थपूर्ण आहे. एकदा शिकलेले सॉफ्टवेअर त्याला सगळ्या संस्थांसाठी सोयीचे पडते आणि शंका निघाल्या तरी त्या एका जाणकार माणसाच्या असतात.

चौथ्या मुद्द्यात निम्मे सत्य आहे, ते मान्य करून टाकतो. ड्रॉपबॉक्सने सुरुवातीला शोधजाहिरातींवर पैसे खर्च केले, तेव्हा ९९ डॉलरच्या वर्गणीचा एक ग्राहक मिळवायला त्यांना २३३ ते ३८८ डॉलर पडत होते. मित्राला आणणाऱ्याला जास्तीची जागा देण्याची योजना त्याहून कितीतरी फायद्याची ठरली. पण सोसायटीच्या बिलाखाली सॉफ्टवेअरचे नाव छापले जाते, ते पैसे देणाऱ्या संस्थेच्या बिलावरही तितकेच ठळक दिसते. शेजारच्या सोसायटीचा सेक्रेटरी ते वाचतो, त्यासाठी पहिली संस्था फुकटात असण्याची गरज नाही.

दुसऱ्या मुद्द्यामागे मात्र काही आधार आहे, हे नाइलाजाने सांगावे लागते. वॉशिंग्टन विद्यापीठातील हेमा योगनरसिंहन आणि त्यांच्या सहसंशोधकांनी एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या नव्या वापरकर्त्यांवर झालेला प्रयोग अभ्यासला. त्यात वापरकर्त्यांना यदृच्छेने ७, १४ किंवा ३० दिवसांची ट्रायल देण्यात आली होती. सगळ्यांना ३० दिवस देण्यापेक्षा सगळ्यांना ७ दिवस दिल्यास वर्गणीदार ५.५९ टक्क्यांनी वाढतात, असे दिसले. लांब ट्रायलमध्ये लोक सुरुवातीला वापरून पाहतात, मग थंडावतात आणि पैसे देण्याचा क्षण येतो तेव्हा सॉफ्टवेअर त्यांच्या मनातून गेलेले असते, हे त्याचे एक कारण. परंतु त्याच अभ्यासात अनुभवी वापरकर्त्यांना लांब मुदत अधिक उपयोगी पडल्याचेही आढळले. शिवाय तिथे वापरणारा, निर्णय घेणारा आणि पैसे देणारा एकच माणूस होता. सोसायटीत हे तिघे वेगळे असतात आणि समितीची बैठक साधारणपणे महिन्यातून एकदा होते.

भाचीच्या ग्राहकाचे वेळापत्रक मांडून पाहिले की चौदा दिवसांचे काय होते ते दिसते. समजा, खजिनदाराने ५ जूनला नोंदणी केली. सभासदांची नावे आणि मागील थकबाकी भरण्यात दहा-बारा दिवस जातात, कारण जुनी वही किंवा एक्सेलची फाइल कोणाकडे तरी अडकलेली असते. चौदा दिवसांची मुदत १९ जूनला संपते. पहिले बिल १ जुलैला निघणार असते, पावत्या जुलैच्या मध्यापर्यंत नोंदल्या जातात आणि थकबाकीदारांची यादी त्यानंतरच्या समितीच्या बैठकीत ठेवली जाते. जी यादी पाहून समिती ‘हे घेऊ या’ म्हणेल, ती तयार होण्याच्या महिनाभर आधीच सॉफ्टवेअरला कुलूप लागलेले असते. बिल तिमाही असेल तर आणखी उशीर.

म्हणून इथे मुदत दिवसांत मोजण्याऐवजी कामात मोजावी: एक पूर्ण बिलफेरी, तिच्या पावत्या आणि थकबाकीची पहिली यादी. त्यावर मासिक बिलासाठी ७५ दिवसांची बाहेरची हद्द असावी, नाहीतर ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणणारे वर्षभर लटकत राहतील. तिमाही बिल असेल तर ही हद्द त्या प्रमाणात पुढे न्यावी लागेल. पैशांची मागणी थकबाकीची यादी छापण्याच्या पडद्यावर करावी आणि तिथेच समितीपुढे ठेवता येईल असे एका पानाचे दरपत्रक द्यावे, ज्यात वर्षाची रक्कम, जीएसटी आणि बँक खात्याचा तपशील असेल. पैसे न देणाऱ्या संस्थेचे नवे बिल काढणे थांबवावे, परंतु जुनी बिले आणि पावत्या पाहता आणि उतरवून घेता आल्या पाहिजेत. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि ऐन सभेच्या तोंडावर ज्या संस्थेचे हिशेब अडले, ती आसपासच्या दहा संस्थांना ते सांगेल.

ट्रायल कुठे अडते हे ओळखण्यासाठी मागील थकबाकीचे आकडे सॉफ्टवेअरमध्ये कोणी भरले ही एकच नोंद आधी पाहावी. ते भरून बिल काढलेल्या संस्था पैसे देत नसतील तर दर किंवा समितीपुढची मांडणी चुकते आहे. ते भरलेच गेले नसतील तर सूट देऊन काहीही होणार नाही. तिथे त्या संस्थेची एक्सेल फाइल मागून घ्यावी आणि आकडे स्वतः भरून द्यावेत.