पाया खोडायचा नसतो

"घातांकी समीकरण दिसलं की दोन्हीकडचा पाया सारखा करा, पाया खोडा आणि घातांक समान लिहा. कुठलंही गणित दोन ओळींत सुटतं."

कोल्हापुरात अकरावी-बारावीच्या मुलांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या या मेसेजमधली पहिली सूचना बरोबर आहे. पण मार्क जातात ते तिथेच.

8ˣ⁻¹ = 4²ˣ⁺¹ घ्या. 8 म्हणजे 2³ आणि 4 म्हणजे 2². घाईत मुलं 2³ˣ⁻¹ = 2⁴ˣ⁺¹ लिहितात आणि x = −2 काढतात. ताळा करा: डावीकडे 8⁻³, म्हणजे 2⁻⁹. उजवीकडे 4⁻³, म्हणजे 2⁻⁶. जुळत नाही, कारण 3 ने फक्त x ला गुणलं, कंसातला −1 तसाच राहिला. कंस ठेवून लिहा: 3(x−1) = 2(2x+1), म्हणजे 3x−3 = 4x+2, म्हणून x = −5. आता दोन्हीकडे 2⁻¹⁸ येतं.

"पाया खोडा" हे मात्र चूकच. खोडतात तो दोन्हीकडचा समान गुणक, आणि 2ˣ मधला 2 हा गुणक नाही. घातांक समान लिहिता येतात, कारण x वाढेल तसा 2ˣ वाढतच जातो आणि तीच किंमत पुन्हा येत नाही. पाया 0 आणि 1 च्या मधला असेल तर किंमत सतत घटते, तरी निष्कर्ष तोच. पाया 1 असेल तर मात्र 1³ आणि 1⁷ सारखेच, घातांकांबद्दल काहीच कळत नाही. म्हणून पाया धन हवा आणि 1 नको. पायातच चल असेल तर हे फार महत्त्वाचं. xˣ⁺² = x⁴ मध्ये घातांक समान लिहून फक्त x = 2 मिळतं. पण 1³ = 1⁴ आणि 0² = 0⁴, म्हणजे 1 आणि 0 ही उत्तरंही हातची जातात. −1 सुद्धा तपासावं लागतं. तिथे −1 आणि 1 येतात, म्हणून ते उत्तर नाही.

"कुठलंही गणित" म्हणाल तर 2ˣ⁺¹ + 2ˣ = 24 बघा. बेरीज आहे तोवर घातांकांना हात लावायचा नाही. 2ˣ सामाईक काढा: 3·2ˣ = 24, म्हणून 2ˣ = 8 आणि x = 3. 24 हा 2 चा घात नाही म्हणून गणित सोडून देऊ नका; 3 ने भागल्यावर तो घात दिसतो.

आणि पाया सारखा होईल का, हे मूळ अवयव पाडून आधीच कळतं. 36 = 2²·3² आणि 216 = 2³·3³; दोन्हीत 2 आणि 3 चे घातांक एकाच प्रमाणात आहेत, म्हणून पाया 6 घेता येतो आणि 36ˣ = 216 चं उत्तर 1.5. पण 12 = 2²·3 आणि 18 = 2·3². प्रमाण उलटं झालं. 12ˣ = 18 साठी लॉगच घ्यावा लागतो, x सुमारे 1.163.