जे-झीच्या ‘त्या’ गाण्याबद्दल खुलासा

फॉरवर्ड फिरतोय: “मुंडियां तो बच के हे मूळ जे-झीचं गाणं, पंजाब्यांनी नंतर कॉपी मारली.”

उलटं आहे हो. गाणं १९९८ चं, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत वाढलेल्या पंजाबी एमसी या संगीतकाराचं, आणि अमेरिकन रॅपर जे-झी त्यात आला थेट २००३ च्या रीमिक्समध्ये. ओळखायचं कसं, तर मूळ व्हर्जनमध्ये इंग्लिश रॅप नाहीच, लाभ जंजुआचा पंजाबी आवाज आहे. आता खालचा बेस मात्र खरंच नाईट रायडर या अमेरिकन सिरियलच्या ट्यूनचा, जी बस्टा ऱ्हाइम्सने आधीच हिपहॉपमध्ये वापरली होती, आणि त्याच्यावर टुणटुण वाजते ती तुंबी, एका तारेचं पंजाबी वाद्य (आपल्या तुणतुण्याचं भावंडच म्हणा). घरात आईबापाचा भांगडा, बाहेर हिपहॉप, पोराने दोन्ही एका ट्रॅकवर बसवलं.