६ तास ७ मिनिटांची गोष्ट: एका प्रतिक्रियेला उत्तर

> «तुमचं सूत्र सहा तासांच्या वर गेलं की सरसकट अर्धा तास कापतं. म्हणजे ६ तास ७ मिनिटं थांबलेल्याला ५ तास ३७ मिनिटांचे पैसे, आणि बरोबर ६ तासांनी घरी गेलेल्याला पूर्ण ६ तासांचे. जास्त थांबणाऱ्याला कमी! रात्रपाळीत तर उत्तर उणे येतं. ज्यांचे जेवणाचेही पंच होतात त्यांचं दोनदा कापलं जातं. असली सूत्रं वाटण्याआधी एकदा तरी हजेरी हाताळून बघायची होती.» (एक वाचक)

नमस्कार. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण खरं सांगायचं तर तेच लागलं. हजेरी मी अकरा वर्षं हाताळली आहे. त्यातली पहिली तीन वर्षं कागदी कार्डांवर. महिनाअखेरीला दोनशेच्या वर कार्डं टेबलावर पसरून, एकेका पंचातून अर्धा तास हाताने वजा करून पेन्सिलीने बेरीज मांडायचो. तेव्हा 'एकदा तरी' हे शब्द जरा जपून वापरले असते तर बरं झालं असतं. चूक दाखवायला माझी ना नाही. पण चूक दाखवणं वेगळं आणि समोरच्याला बिनकामाचा ठरवणं वेगळं.

रात्रपाळीचं तुमचं बरोबर आहे, मान्य. २२:१२ ला आलेला माणूस सकाळी ६:०३ ला गेला, तर नुसती वजाबाकी उणेच येणार, कारण शीटला मधली मध्यरात्र कळत नाही. `MOD` लावला की काम होतं. आणि तुमच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट मीच सांगतो. शीट वेळ ही दिवसाचा अपूर्णांक म्हणून ठेवते, त्यामुळे बरोबर सहा तासांच्या काठावर तुलना कधी इकडची तिकडे होऊ शकते. म्हणून आधी पूर्ण मिनिटं करून घ्यावीत. A2 मध्ये आल्याची वेळ, B2 मध्ये गेल्याची:

```
C2: =ROUND(MOD(B2-A2,1)*1440,0)
```

वरच्या रात्रपाळीची यात ४७१ मिनिटं येतात. झालं. दोनदा कापलं जाण्याबद्दल एवढंच, की जेवणाला जाता-येता पंच होत असेल तर आपोआप कापणारं सूत्र तिथे लावायचंच नसतं. दोन तुकडे मोजून बेरीज करायची. माझा लेख फक्त आल्या-गेल्याचे दोन पंच असणाऱ्यांसाठी होता, आणि तसं पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. वाचला असता तर दिसलं असतं.

आता राहिलं ते तुमचं 'जास्त थांबणाऱ्याला कमी!' त्यातलं उद्गारचिन्ह बाजूला ठेवून बघू.

एक जण ८:०२ ला आला आणि १४:०९ ला गेला. ३६७ मिनिटं. मधे तो अर्धा तास जेवला असेल, तर त्याने काम केलं ३३७ मिनिटं. दुसरा ८ ला आला, न जेवता १४ ला गेला, काम ३६० मिनिटं. मग पहिल्याला कमी मिळाले यात अन्याय कसला? इमारतीत तो जास्त वेळ होता, कामावर कमी. कार्डावर दिसतो तो आत असण्याचा वेळ, आणि पैसे असतात कामाचे. हा फरक न करता कोणी सूत्रावर तुटून पडलं की माझं डोकं फिरतं.

पण हो, हे सगळं 'जेवला असेल तर' या तीन शब्दांवर उभं आहे. तो माणूस जेवायला उठलाच नसेल, हातातलं काम संपवायला सात मिनिटं जास्त थांबला असेल, तर माझ्या सूत्राने त्याची तीस मिनिटं फुकट खाल्ली. इथे मला माझीच एक आठवण नडते. पूर्वी मी जिथे हजेरी बघायचो, तिथे हाच सरसकट नियम होता. काही महिन्यांतच कार्डांवर ५ तास ५८, ५ तास ५९ मिनिटांची गर्दी व्हायला लागली. सहा तास उलटून चार-पाच मिनिटांनी जाणारा मात्र जवळपास कोणी उरला नाही. लोकांना काठ कुठे आहे ते कळलं होतं आणि ते त्याच्या अलीकडे उडी मारत होते. तेव्हा मी याला शिस्त समजलो होतो. आज लिहिताना तसं वाटत नाही. तुमच्या शीटमध्ये काठाच्या अलीकडे अशी गर्दी आणि पलीकडे मोकळं रान दिसलं, तर नियम चावतोय असं खुशाल समजा.

यावर बहुतेक जण जो उपाय सांगतात, आणि तुमच्याही मनात बहुधा तोच असावा, तो म्हणजे कपात हळूहळू वाढवायची. सहा तासांच्या वर जितकी मिनिटं, तितकीच कापायची, जास्तीत जास्त तीस:

```
D2: =C2-MAX(0,MIN(30,C2-360))
```

३६७ चे आता ३६० होतात, ३३७ नाही. ३९० च्या पुढे पूर्ण तीस कापली जातात, रात्रपाळीच्या ४७१ ची ४४१. मागे घसरणं थांबलं. पण लगेच टाळ्या वाजवू नका. ९:१७ ते १५:४० थांबलेल्याची ३८३ मिनिटं घ्या. त्यालाही ३६०. म्हणजे ६ तास १ मिनिटापासून साडेसहा तासांपर्यंत कितीही थांबा, पैसे तेवढेच. न जेवता काम केलेल्याची २३ मिनिटं इथेही गेली, आणि खरोखर जेवलेल्याला सात मिनिटं फुकट मिळाली. काठ गेला, त्याच्या जागी सपाट पट्टा आला. कोण जेवलं ते दोन्ही सूत्रांना माहीत नाही, दोन्ही अंदाजच बांधतात. तुमचा अंदाज जरा सभ्य आहे इतकंच.

येण्या-जाण्याच्या वेळा रोज वेगळ्या असतील तर अंदाज नकोच. विचारायचं. जाताना प्रत्येकाने E रकान्यात 'हो' किंवा 'नाही' भरायचं, म्हणजे कामातून पूर्ण मोकळा असा अर्धा तास मिळाला की नाही ते. फोन घेत, यंत्रावर नजर ठेवत खाल्लेला डबा 'नाही' मध्येच मोजायचा.

```
D2: =IF(E2="हो",C2-30,IF(E2="नाही",C2,"विचारा"))
```

यात सहा तासांचा उंबरठा कपातीतून गेला. तो फक्त तपासायला ठेवा. C2 मध्ये ३६० च्या वर आकडा आहे आणि E2 मध्ये 'नाही' आहे, तर पैसे पूर्ण द्यायचे आणि माणसाला जेवायला सोडलं का नाही हे त्याच्या मुकादमाला विचारायचं. रकाना रिकामा असेल तर महिनाअखेरीची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी भरून घ्यायचा, कारण तीन आठवड्यांपूर्वी आपण जेवलो होतो का, हे कोणालाच आठवत नाही. सगळे रोज 'हो'च भरत असतील तर तेही बघा. कदाचित कोणीतरी एकच जण सगळ्यांचं भरत असतं. हे मी पाहिलेलं आहे. हजेरी हाताळताना.

लेखातलं जुनं सूत्र आज काढून त्या जागी हे टाकलं आहे. कोणाच्या सांगण्यावरून बदललं ते लिहिणार होतो, पण प्रतिक्रियेखाली आपण नाव लिहिलेलं नाही.