रंग नाही, वांग आहे तो

आज संध्याकाळी कोथरूडमध्ये एका मेडिकलच्या दुकानात उभी होते. माझ्या पुढे एक मुलगी, कडेवर चार-पाच महिन्यांचं बाळ. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग. तिने हळूच विचारलं, "वांगावर काही क्रीम आहे का?" काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी मागितली नाही, बाळाकडे बघितलंसुद्धा नाही, एक ट्यूब पुढे सरकवली. तिच्याबरोबरच्या बाई, बहुतेक सासूबाई, म्हणाल्या, "लाव, पण फार काही होणार नाही. आपला रंगच तसा. आमच्याकडे सगळ्यांनाच असतं."

घरी आले, कुकर लावला, जेवणं झाली, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. माझ्या ताईने हेच वाक्य सहा वर्षं ऐकलंय.

ताई गव्हाळ. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा सातव्या महिन्यात तिच्या गालांवर तपकिरी छटा आली. दोन्ही बाजूंना सारखी, आरशात धरल्यासारखी. मग कपाळावर. दर हळदीकुंकवाला कोणीतरी म्हणायचंच, "अगं, किती काळवंडलीस!" आणि लगेच समजूत घालायचं, "जाऊ दे, आपल्या लोकांची स्किनच अशी."

आपल्या लोकांची म्हणजे काय? रंग जन्मापासून असतो. तो सातव्या महिन्यात सुरू होत नाही. रंगाला कडा नसतात, ताईच्या गालावरच्या डागाला होती, बोट फिरवून दाखवता आली असती. दंडाची आतली बाजू बघा, जिथे ऊन लागत नाही. तो तुमचा रंग. चेहऱ्यावरचा एखादा पट्टा त्याहून वेगळाच दिसत असेल, तर तिथे काहीतरी झालंय, आणि जे झालंय त्याला कारण आहे.

रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गोऱ्या, गव्हाळ, सावळ्या सगळ्या माणसांत जवळपास सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो त्या किती आणि कसलं रंगद्रव्य बनवतात याचा. वांगात चेहऱ्याच्या ठरावीक भागातल्या या पेशी जादा काम करायला लागतात. त्यांना डिवचतं ते ऊन, गरोदरपणातले हार्मोन्स, कधी गर्भनिरोधक गोळ्या. पुरुषांना होतो, गोऱ्यापान बायकांनाही होतो. अगदी काळ्या कातडीपेक्षा मधल्या, गव्हाळ रंगात जास्त दिसतो. म्हणजे जितका गडद रंग तितका वांग, हा हिशोबही खरा नाही.

हो, आपल्यासारख्या कातडीत तो जास्त होतो, जास्त टिकतो आणि घराण्यातही चालतो. मान्य. डायबिटीसही घराण्यात चालतो, म्हणून त्याला कोणी "आमचा स्वभाव" म्हणतं का?

ताईचं पुढे काय झालं ते सांगते, कारण मला त्या ट्यूबचा राग आहे. ओळखीच्या बाईने तिला तशीच एक ट्यूब दिली होती. त्यात तीन औषधं असतात: रंग कमी करणारं हायड्रोक्विनोन, कातडीचा वरचा थर लवकर बदलणारं ट्रेटिनॉइन, आणि स्टेरॉइड. त्वचारोगतज्ज्ञ ती थोडे आठवडे, लक्ष ठेवून देतात, तेव्हा ती चांगलं काम करते. पण हातात ट्यूब आली की कोण थांबतं? पंधरा दिवसांत ताईचा चेहरा उजळला. सगळे "वा!" म्हणाले. थांबवली की डाग परत, म्हणून पुन्हा सुरू. असे आठ महिने.

मग गाल लाल राहायला लागले. उन्हात गेली की आग. बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, गालावर लव वाढली आणि पुळ्या आल्या, ज्या तिला कॉलेजात असतानासुद्धा कधी आल्या नव्हत्या. ही स्टेरॉइडची खूण आहे. 2018 पासून स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. आज संध्याकाळी तो नियम कुठे होता?

प्रत्येक पुळी गेली आणि जागेवर एक काळा ठिपका ठेवून गेली. हा वांग नाही, ही दुसरीच गोष्ट. कातडीला कुठेही दाह झाला, पुळी, भाजणं, वॅक्सिंगचा चटका, घासणीने खसाखसा घासणं, की त्या दाहातून रंगपेशींना निरोप जातो आणि त्या तिथे जादा रंग ओततात. रंग वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत फिका होतो. खाली उतरला तर राखाडी-निळसर दिसतो आणि जायला वर्षं लागतात. ताई मात्र ते डाग घालवायला रोज बेसन-लिंबू लावून घासायची. म्हणजे ज्या दाहाने डाग आले, तोच रोज सकाळी नव्याने.

शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तिच्या गालाकडे भिंग धरून दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. "हे दोन्हीकडे सारखं पसरलंय ना, तो वांग. आणि हे सुटे गोल ठिपके, ते पुळ्यांचे." ताई बाहेर येऊन रडली. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं की हे तुझं मूळ नाही, तुला काहीतरी झालंय.

स्टेरॉइड त्यांनी हळूहळू सोडवलं. घासणं बंद. ॲझेलिक ॲसिडची क्रीम सुरू. आणि सनस्क्रीन, पण साधं नाही, रंगाची छटा असलेलं. हे मला तेव्हाच कळलं. वांगाला नुसतं अतिनील ऊनच नाही, डोळ्यांना दिसतो तो प्रकाशही डिवचतो. साधं पांढरं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. छटेच्या सनस्क्रीनमधलं आयर्न ऑक्साइड अडवतं. दोन बोटांवर भरेल इतकं, चेहऱ्याला आणि मानेला, बाहेर असलात तर दोन-तीन तासांनी पुन्हा. आपण पुण्याच्या बायका स्कूटरवर डोळे सोडून सगळं गुंडाळतो आणि निर्धास्त होतो. पण तो पातळ सुती स्कार्फ प्रकाशाकडे धरून बघा, पलीकडचं दिसतं. ताई सिंहगड रोडने दहा वर्षं तशीच जात होती. आणि शाळेत बसायची खिडकीपाशी. काचेतून दिसणारा प्रकाश आणि बरंचसं अतिनील ऊनही आत येतं.

ठिपके वर्षभरात जवळजवळ गेले. वांग फिका झाला, गेला नाही. दर वैशाखात थोडा वर येतो, मग ती पुन्हा नेमाने लावते. तो असाच राहील, हे तिला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणून आता तिला त्याची भीती वाटत नाही.

ती मुलगी डोळ्यांपुढून हलत नाहीये. बाळंतपणातला वांग पुष्कळ जणींचा नंतरच्या काही महिन्यांत आपोआप फिका होतो. तिला आत्ता कदाचित फक्त छटेचं सनस्क्रीन आणि थोडा धीर लागला असता. अंगावर पाजत असेल तर हायड्रोक्विनोन लावायचंही नाही, कारण ते कातडीतून बरंच आत शोषलं जातं. हे तिला कोणी विचारलं? त्या सासूबाईंवर माझा राग नाही. त्यांनाही कोणीतरी असंच सांगितलं असणार, त्यांच्या गालांवरही होतेच ना डाग.

मगाशी ताईला फोन करून हे सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि तू काही बोलली नाहीस?"

नाही बोलले. सुटे पैसे मोजत उभी राहिले. ती रस्ता ओलांडून गेलीसुद्धा.

उद्या त्याच वेळी पुन्हा त्या दुकानापाशी जाणार आहे. जवळच राहात असेल ती, बाळाला घेऊन चालत आली होती.